सीएच्या ऑफिसात नवीन आहात? क्लायंटचे पासवर्ड, लॅपटॉप आणि कागदपत्रं अशी सांभाळा

सांगलीत सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात आर्टिकल म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एक एक्सेल फाईल तुमच्यापर्यंत पोचते. नाव, पॅन, जन्मतारीख, आयकराचा पासवर्ड, जीएसटीचा युजर आयडी, त्याचा पासवर्ड, ईमेल, मोबाईल असे त्यात रकाने असतात. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, मिरजेचे डॉक्टर असे सगळे त्या एका शीटमध्ये ओळीने बसलेले असतात. कुणाची उलाढाल किती, कुणाचं कर्ज कुठल्या बँकेत, कुणाची ठेव किती, हे त्या शीटच्या आधारे तुम्हाला घरबसल्या बघता येतं. बऱ्याच क्लायंटच्या सख्ख्या भावालाही एवढं माहीत नसतं.

सीए कायदा 1949 नुसार क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे सीएचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. कायद्याने माहिती द्यावी लागत असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे तुमच्या हातून काही बाहेर गेलं तर उत्तर सरांना द्यावं लागतं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही कुणी लबाडीने वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या कामात माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा चांगल्या मुलांच्या हातून, चोरीचा विचारही मनात नसताना. कामाच्या गोष्टी स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या जीमेलमध्ये, घरच्या ब्राउझरमध्ये मिसळतात आणि मग त्या कुठे कुठे गेल्या हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कामाचं आणि स्वतःचं वेगळं ठेवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

लॅपटॉप: आधी वेगळं खातं, मग एन्क्रिप्शन

आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत आर्टिकलने स्वतःचा लॅपटॉप आणायचा अशी पद्धत आहे. तोच लॅपटॉप संध्याकाळी घरी जातो आणि धाकटा भाऊ त्यावर गेम खेळतो. म्हणून विंडोजमध्ये Settings, Accounts, Other users असं जाऊन कामासाठी एक वेगळं खातं तयार करा. ते Standard user ठेवा. त्याचा पासवर्ड घरात कुणालाही सांगू नका. शक्य असेल तर घरच्यांचं खातंही Standard user च ठेवा, कारण Administrator असलेल्या खात्यावरून तुमचे फोल्डर उघडता येतात. टॅली, एक्सेल, पोर्टलं, सगळं कामाच्याच खात्यात उघडायचं. जागेवरून उठलात, अगदी चहाला म्हणून उठलात, तरी विंडोजची कळ आणि L दाबून स्क्रीन लॉक करायची.

एवढ्याने चोरापासून संरक्षण होत नाही. विंडोजचा पासवर्ड फक्त दारापुरता असतो. लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर त्या पासवर्डला न विचारता फाईली वाचता येतात. ते थांबवायला डिस्क एन्क्रिप्ट असावी लागते. विंडोज प्रोमध्ये यासाठी BitLocker आहे आणि होममध्ये बऱ्याच मशीनवर Device encryption या नावाने ते मिळतं. चालू आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. Command Prompt वर राइट क्लिक करून Run as administrator निवडा आणि हे टाका:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात `Protection On` दिसलं तर डिस्क सुरक्षित आहे. `Protection Off` दिसलं तर आजच सरांच्या कानावर घाला. चालू करताना एक रिकव्हरी की तयार होते. विंडोज होममध्ये ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप अचानक हीच की मागतो आणि ती सापडली नाही तर डिस्कवरचं सगळं काम गेलं समजा. ती कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

आणखी एक सवय लावा. कोल्हापूरच्या एसटीत बसण्याआधी किंवा ऑडिटहून परतताना लॅपटॉपचं नुसतं झाकण लावू नका, पूर्ण शट डाउन करा. झाकण लावलं की मशीन झोपतं, पण डिस्कची किल्ली मेमरीत तशीच राहते. एन्क्रिप्शनचा पुरा उपयोग मशीन पूर्ण बंद असतानाच होतो.

ब्राउझर: सगळ्यात जास्त गळती इथून

नवीन मुलं स्वतःच्या जीमेलने क्रोममध्ये साइन इन केलेली असतात. जीएसटी पोर्टलवर पहिल्या क्लायंटचा पासवर्ड टाकला की क्रोम विचारतं, सेव्ह करू का? घाईत Save दाबलं जातं. त्या क्षणी तो पासवर्ड तुमच्या वैयक्तिक गुगल खात्यात जातो. तुमच्या फोनवर दिसायला लागतो. जुना फोन बहिणीला दिला आणि खातं काढायचं राहिलं, तर तिथेही दिसतो. वर्षभरात अर्ध्या शीटची एक प्रत तुमच्या जीमेलमागे तयार झालेली असते आणि आर्टिकलशिप संपली तरी ती तिथेच राहते.

आधीपासून काम करत असाल तर आजच passwords.google.com उघडून बघा. gst.gov.in, incometax.gov.in, ewaybillgst.gov.in या नावांपुढे काही दिसलं तर नोंद सरांच्या लक्षात आणून द्या आणि मग काढून टाका.

पुढे असं होऊ नये म्हणून क्रोममध्ये कामासाठी वेगळी प्रोफाइल करा. वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक केलं की नवीन प्रोफाइल जोडायचा पर्याय मिळतो. या प्रोफाइलमध्ये कुठल्याही वैयक्तिक जीमेलने साइन इन करायचं नाही. मग सेटिंगमध्ये Google Password Manager मध्ये जाऊन Offer to save passwords हे बंद करा. पोर्टलांचे पत्ते बुकमार्क करा आणि नेहमी तिथूनच जा. गुगलवर ‘जीएसटी लॉगिन’ शोधून पहिल्या लिंकवर क्लिक करायची सवय मोडा, कारण खोटी पानं तिथेच वाट बघत असतात. आयकराच्या पोर्टलवर युजर आयडी टाकल्यावर, पासवर्डच्या आधी, क्लायंटने ठेवलेला एक संदेश दिसतो आणि तो बरोबर आहे यावर टिक करावी लागते. सगळे न वाचता टिक करतात. तुम्ही वाचा. ओळखीचा संदेश दिसला नाही तर पासवर्ड टाकू नका, आधी वरचा पत्ता तपासा.

पासवर्डची शीट

ती एक्सेल फाईल कशी ठेवायची हे ठरवणं तुमच्या हातात नसतं, सरांच्या हातात असतं. पण दोन गोष्टी तुम्ही सुचवू शकता, आणि नवीन माणसाने नीट शब्दांत सुचवलं तर बहुतेक सर ऐकतात.

पहिली गोष्ट म्हणजे शीट प्रोटेक्ट करणं आणि फाईल एन्क्रिप्ट करणं यांत मोठा फरक आहे. Protect Sheet फक्त चुकून काही खोडलं जाऊ नये म्हणून असतं, फाईल उघडून वाचायला त्याची आडकाठी नसते. खरं कुलूप लागतं ते File, Info, Protect Workbook, Encrypt with Password या वाटेने. तो पासवर्ड ‘Sangli@123’ किंवा ऑफिसच्या नावापुढे वर्ष असा नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले, तर लक्षात राहतात आणि ओळखायला फार अवघड जातात. नेहमीची म्हण किंवा गाण्याची ओळ मात्र घेऊ नका.

दुसरी गोष्ट याहून चांगली आहे. KeePassXC नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. सगळे पासवर्ड तो एका एन्क्रिप्ट केलेल्या फाईलमध्ये ठेवतो आणि ती फाईल ऑफिसच्याच मशीनवर राहते, इंटरनेटवर जात नाही. प्रत्येक क्लायंटसाठी तो स्वतः वेगळा पासवर्ड बनवून देतो. आयकर पोर्टल जास्तीत जास्त 14 अक्षरं घेतं आणि जीएसटी 15, त्यामुळे लांबी 14 ठेवली की दोन्हीकडे चालतं. पासवर्ड कॉपी केला की थोड्याच सेकंदांत तो क्लिपबोर्डवरून आपोआप पुसलाही जातो. फाईलमध्ये नोंदी करणारा माणूस मात्र एकच ठेवा, नाहीतर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर बसते.

जीएसटीच्या 20 तारखेला ऑफिसात काय होतं ते तुम्ही बघालच. पोर्टल हळू चाललेलं असतं, फोन वाजत असतात आणि कुणीतरी ओरडून दुसऱ्याला पासवर्ड सांगतं. समोरच्या खुर्चीवर दुसरा क्लायंट बसलेला असतो. अशा वेळी उठून त्या टेबलापर्यंत जा. पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही तितकंच वाईट, कारण सोडून गेलेला जुना आर्टिकल अजून त्या ग्रुपमध्ये असू शकतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर तर पासवर्ड वाटून घ्यायची गरजच नाही. तिथे क्लायंटच्या खात्यातून सब-युजर बनवता येतो आणि त्याला फक्त बिल तयार करायचा हक्क देता येतो.

ओटीपी आणि डिजिटल सही

क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाईल नंबर कधीही टाकू नका. ‘काका बाहेरगावी आहेत, तात्पुरता तुझा टाक’ असं कुणी म्हणालं तरी नाही म्हणा. तुमचा नंबर एकदा बसला की त्या खात्याचा पासवर्ड बदलायची वाट तुमच्या सिमकार्डातून जाते.

ओटीपी मागायला तुम्हीच फोन करणार आहात, म्हणून जरा थांबून विचार करा. ‘सीएच्या ऑफिसातून बोलतोय, आलेला नंबर सांगा’ या वाक्यावर आमचे क्लायंट लगेच ओटीपी सांगतात. ही सवय आपणच त्यांना लावलेली आहे. फसवणारा माणूस नेमकं हेच वाक्य वापरतो. यावर चालणारा उपाय असा: ओटीपीसाठीचा फोन ऑफिसच्या एकाच ठरलेल्या नंबरवरून जाईल असं सगळ्या क्लायंटना आधीच सांगून ठेवायचं. फोनवर ‘आत्ता रिटर्न व्हेरिफाय करतोय, त्यासाठी येईल’ असं कारण सांगायचं आणि क्लायंटला पूर्ण मेसेज वाचायला लावायचा. मेसेजमध्ये पासवर्ड बदलण्याचा उल्लेख असेल आणि तुम्ही तो बदलत नसाल, तर दुसरंच कुणीतरी त्या खात्यात घुसायचा प्रयत्न करतंय. तो ओटीपी कुणालाही द्यायचा नाही असं क्लायंटला तिथल्या तिथे सांगा आणि सरांना लगेच कळवा.

डीएससीचं यूएसबी टोकन म्हणजे क्लायंटची सही आहे. पिन चिठ्ठीवर लिहून टोकनलाच रबराने बांधलेला दिसला, तर ती चिठ्ठी सोडवून सरांकडे द्या. बऱ्याच टोकनांचा पिन कंपनीने दिलेला 12345678 तसाच राहिलेला असतो, तो क्लायंटच्या समोर बदलून घ्यावा. सही झाली की टोकन लगेच काढायचं आणि कपाटात ठेवून वहीत वेळ लिहायची. लॅपटॉपला लावून जेवायला गेलात तर तेवढ्या वेळात त्याची सही तुमच्या टेबलावर उघडी पडलेली असते.

एका बँक स्टेटमेंटचा माग

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं रिटर्न भरायचं आहे. त्यांनी तुमच्या व्हॉट्सॲपवर आधार आणि पॅनचे फोटो आणि वर्षभराच्या बँक स्टेटमेंटची पीडीएफ पाठवली. तुम्ही नेहमीसारखं काम केलंत. प्रती कुठे कुठे गेल्या ते मोजत जाऊ.

तुमच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये पहिली. फोनचा बॅकअप गुगलवर जात असेल तर तिथे दुसरी. आधारचा फोटो गॅलरीत उतरला आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर गुगल फोटोजमध्ये जात असेल तर तिसरी. मग लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेबवरून फाईल उतरवली, ती Downloads मध्ये चौथी. स्टेटमेंटला बँकेचा पासवर्ड होता, दरवेळी टाकायचा कंटाळा म्हणून प्रिंट टू पीडीएफ करून बिनपासवर्डची फाईल बनवली, ती पाचवी. आकडे एक्सेलमध्ये हवे होते, म्हणून पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या एका फुकट वेबसाइटवर फाईल चढवली, ती सहावी, आणि ती कुठल्या देशातल्या सर्व्हरवर किती दिवस राहील हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शेवटी प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर फाईल पाठवली, ती सातवी. त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर दहा माणसं येऊन बसतात.

हेच काम असंही करता येतं. क्लायंटला तुमचा नंबर न देता ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसचा व्हॉट्सॲप नंबर द्यायचा. बँक स्टेटमेंट पीडीएफऐवजी थेट एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये मागायचं. बऱ्याच बँका नेटबँकिंगमधून ते देतात, आणि व्यापाऱ्याच्या दुकानातला मुनीम दोन मिनिटांत काढून पाठवतो. पीडीएफच असेल तर विंडोजवरच्या नव्या एक्सेलमध्ये Data, Get Data, From File, From PDF असा पर्याय आहे. तो तक्ता तुमच्याच मशीनवर उघडतो, फाईल बाहेर जात नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफवर हे चालत नाही, तिथे आकडे हातानेच भरावे लागतील. वेळ लागेल, तरी फुकटच्या वेबसाइटकडे वळू नका. प्रिंट ऑफिसच्या प्रिंटरवर काढा. प्रिंटर बिघडला असेल तर पेनड्राइव्ह घेऊन स्वतः दुकानात जा, फाईल पेनड्राइव्हवरूनच छापून घ्या आणि तिथल्या कॉम्प्युटरवर कॉपी राहिली नाही हे बघूनच निघा. रिटर्न भरून झालं की क्लायंटच्या फोल्डरमध्ये एक प्रत ठेवा आणि Downloads, रिसायकल बिन दोन्ही रिकामे करा.

आयकराकडून उतरवलेल्या एआयएसच्या पीडीएफबद्दलही मुलांचा एक गैरसमज असतो. त्याला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित वाटते. पण व्यक्तीच्या बाबतीत तो पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख, म्हणजे असा काहीतरी: `abcde1234f15061975`. मेलमध्ये क्लायंटचा पॅन असतो, सोबत आधारचा फोटो असतो, त्यावर जन्मतारीख असते. फाईल आणि किल्ली एकाच पाकिटातून गेली. व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री सगळं त्या फाईलमध्ये असतं. ती पाठवायची असेल तर आधार-पॅनसोबत पाठवू नका.

टॅलीचा डेटाही असाच पेनड्राइव्हवरून घरी जातो. ज्या कंपनीच्या डेटावर TallyVault चा पासवर्ड आहे, तिचा डेटा एन्क्रिप्ट असतो आणि नुसतं फोल्डर उचलून नेलं तरी वाचता येत नाही. मात्र तो पासवर्ड विसरला तर परत मिळवायची सोय नाही. म्हणून सरांना विचारल्याशिवाय क्लायंटच्या डेटावर तो लावू नका.

लॅपटॉप हरवला तर

समजा मिरज जंक्शनवर बॅग गेली. शोधाशोध करण्यात तास घालवू नका. पहिला फोन सरांना, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट सांगा: लॅपटॉप बंद होता की झोपवलेला, एन्क्रिप्शन चालू होतं की नाही, आणि बॅगेत कुणाचं डीएससी होतं का. पुढे काय करायचं ते या तीन उत्तरांवर ठरतं. डिस्क एन्क्रिप्ट असेल आणि मशीन बंद असेल तर डेटा बहुतेक सुरक्षित आहे. तसं नसेल तर सगळे पासवर्ड फुटले असं धरून चाला.

दुसऱ्या मशीनवरून आधी ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीचे बरेच पासवर्ड त्या मेलमधून बदलता येतात. मग हरवलेलं मशीन त्या मेलच्या खात्यातून आणि व्हॉट्सॲपच्या Linked devices मधून बाहेर काढा. त्यानंतर क्लायंटचे पासवर्ड बदलायला घ्या. सुरुवात रिफंड यायचा आहे अशांपासून आणि मोठ्या उलाढालीच्या जीएसटी खात्यांपासून करा. डीएससी गेलं असेल तर ते ज्या कंपनीने दिलं तिला कळवून रद्द करून घ्यावं लागतं, आणि ते क्लायंटलाच करावं लागतं, म्हणून त्यांना त्याच दिवशी सांगा. पोलिसांत तक्रार नोंदवा आणि त्याची प्रत ऑफिसात द्या. कुणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

शेवटचा दिवस

आर्टिकलशिप संपताना किंवा ऑफिस बदलताना अर्धा दिवस यासाठी राखून ठेवा. कामाचे फोल्डर ऑफिसच्या मशीनवर उतरवा आणि ते तिथे उघडतात हे सरांसमोर तपासा. मगच तुमच्या लॅपटॉपवरचं कामाचं विंडोज खातं त्यातल्या डेटासकट काढून टाका. passwords.google.com पुन्हा एकदा बघा. फोनमधले क्लायंटचे फोटो, गुगल ड्राइव्ह, पेनड्राइव्ह, ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडून बाहेर पडा. पोर्टफोलिओत दाखवायला म्हणून एखादा बॅलन्सशीट ठेवून घ्यायचा मोह होतो, तो आवरा. नाव खोडलं तरी सांगलीत आकड्यांवरून पार्टी ओळखली जाते.

मग सरांना एक छोटा ईमेल लिहा. कुठल्या क्लायंटचे पासवर्ड तुम्हाला माहीत होते, कुठले टोकन तुमच्याकडे होते आणि कधी परत केले, आणि तुमच्याकडे आता काही प्रत शिल्लक नाही, एवढं त्यात असू द्या. ‘वरच्या यादीतले पासवर्ड आता बदलून घ्यावेत’ अशी विनंतीही त्यातच करा. उद्या त्यातल्या एखाद्या खात्यात काही झालं, तर तुम्ही जातानाच पासवर्ड बदलायला सांगितले होते हे त्या मेलवरून दाखवता येईल.